दोघांनी मिळून उघडायचे कुलूप

घरातला कर्ता माणूस गेला की दिवसकार्ये आटोपल्यावर एके दुपारी कपाट उघडले जाते. पासबुके निघतात, विम्याची पॉलिसी निघते, कुठल्याशा जुन्या कंपनीच्या शेअरची सर्टिफिकिटे निघतात. मग मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, वारसांच्या सह्या आणि बँकेचे खेटे सुरू होतात. हा सगळा प्रकार त्रासाचा असतो. पण त्यात एक दिलासा असतो. प्रत्येक कागदामागे कुठेतरी एक खिडकी असते आणि खिडकीमागे माणूस असतो. तो आज नाही म्हणाला तरी महिन्याने हो म्हणू शकतो.

बिटकॉईनसारख्या आभासी चलनाला ही खिडकी नाही. निदान ज्यांनी ते स्वतःच्या ताब्यात ठेवले आहे, त्यांच्या वारसांना तरी नाही. कोणी आपली नाणी खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीच्या खात्यातच ठेवली असतील, तर त्याच्या माघारी कुटुंबाला त्या कंपनीकडे कागदपत्रे घेऊन जाता येते. तिथे निदान दार ठोठावायला जागा आहे. पण कंपनी बुडू शकते, तिथे चोरी होऊ शकते, म्हणून सावध माणसे नाणी तिथून काढून स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवतात. हा लेख आहे तो अशा सावध माणसांसाठी, आणि त्याहून अधिक त्यांच्या बायकामुलांसाठी.

डिसेंबर २०१८ मध्ये जेराल्ड कॉटन नावाचा तिशीतला कॅनेडियन गृहस्थ जयपूरमध्ये आजारी पडून वारला. तो क्वाड्रिगासीएक्स या आभासी चलनाच्या बाजाराचा प्रमुख होता. पुढच्याच महिन्यात त्याच्या पत्नीने न्यायालयाला सांगितले, की ग्राहकांची नाणी ज्या लॅपटॉपमधून उघडायची त्याचा पासवर्ड तिला ठाऊक नाही. जगभर बातमी झाली, की किल्ली मालकाबरोबर गेली. पुढे तपासात निघाले ते वेगळेच. ती वॉलेटे बहुतेक आधीच रिकामी होती, आणि ऑन्टारिओच्या रोखे आयोगाने २०२० मध्ये हा सरळसरळ फसवणुकीचा प्रकार असल्याचे म्हटले. मला या प्रकरणात कुतूहल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. किल्ली मालकाबरोबर गेली, ही कथा इतक्या लोकांना लगेच पटली, कारण असे खरोखरच होऊ शकते. मालक प्रामाणिक असला तरी होऊ शकते.

ही किल्ली म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. बिटकॉईन कोणत्याही यंत्रात किंवा मोबाईलमध्ये नसतात. असते ती जगभरच्या संगणकांवर ठेवलेली एक सामाईक खातेवही. त्या वहीतल्या आपल्या नोंदीतून रक्कम दुसऱ्याला द्यायची, तर एक भलामोठा गुप्त आकडा लागतो. तो आकडा माणसाला लिहून ठेवता यावा म्हणून यंत्र तो १२ किंवा २४ साध्या इंग्रजी शब्दांत मांडून देते. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरावीक यादीतले असतात. या शब्दांना सीड फ्रेज म्हणतात. आपण बीजशब्द म्हणू. यंत्र मोडले तरी बीजशब्द दुसऱ्या यंत्रात भरले की सगळे परत मिळते. आणि ज्याच्या हाती बीजशब्द पडले, तो आपल्या यंत्राला हातही न लावता सगळे घेऊन जाऊ शकतो. सही जुळत नाही, फोटो जुळत नाही, असे म्हणणारे मध्ये कोणी नसते.

इथेच खरा पेच आहे. शब्द घरच्यांना सांगितले तर आपण जिवंत असतानाच तिजोरी उघडी पडते. न सांगितले तर आपल्याबरोबर तीही जाते.

मृत्युपत्रात शब्द लिहून ठेवावेत, असा सल्ला मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. तो अजिबात मानू नये. मृत्युपत्र टाईप करणारा, ते वाचणारा वकील, नंतर न्यायालयातले कारकून, इतक्या नजरांखालून ते जाते. नोंदणी केलेल्या मृत्युपत्राची नक्कल तर मालकाच्या मृत्यूनंतर कोणीही अर्ज करून मागू शकतो. मृत्युपत्राने हक्क कोणाचा ते सांगावे. किल्ली त्यात ठेवू नये.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे शब्दांचे तुकडे करणे. सहा शब्द बायकोकडे, सहा मुलाकडे. यात एक कागद वाळवीने खाल्ला की सगळेच गेले. म्हणून काही हुशार माणसे तीन कागद करतात. बारा शब्दांचे चार-चारचे तीन गट पाडायचे आणि प्रत्येक कागदावर दोन गट, म्हणजे आठ शब्द लिहायचे. कोणतेही दोन कागद एकत्र आले की बारा पुरे होतात, आणि एकट्या कागदाला चार कमी पडतात. दिसायला युक्ती झकास आहे. पण ती किती तकलादू आहे, हे २०२० मध्ये जगापुढे आले. अ‍ॅलिस्टर मिल्न या गुंतवणूकदाराने एक बिटकॉईन बक्षीस लावले आणि त्याचे बारा बीजशब्द एकेक करून जाहीर करायला सुरुवात केली. आठ शब्द बाहेर आल्यावर जॉन कॅन्ट्रेल नावाच्या प्रोग्रॅमरने पुढच्या शब्दांची वाट पाहिलीच नाही. उरलेल्या चार शब्दांच्या जुळण्या सुमारे साडेसतरा लाख कोटी होतात. पण बीजशब्दांत एक पडताळणीची खूण दडलेली असते. तिच्यात न बसणाऱ्या जुळण्या वगळल्या की उरतात साधारण एक लाख कोटी. भाड्याच्या संगणकांवर त्याने त्या सुमारे तीस तासांत तपासून काढल्या आणि बक्षीस उचलले. म्हणजे आठ शब्दांचा तो कागद ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे जवळजवळ सगळेच आहे.

मग तुकडे करायचे ते कसे? याचे उत्तर आदी शमीर या इस्रायली गणितज्ञाने १९७९ मध्येच देऊन ठेवले आहे, आणि ते समजायला शाळेतला आलेखाचा कागद पुरतो. समजा आपले गुपित आहे ७ हा आकडा. आलेखाच्या उभ्या अक्षावर ७ पाशी टिंब द्या आणि तिथून एक तिरकी रेघ काढा, जी दर घराला तीनने वर चढते. पहिल्या घरावर ती १० ला असेल, दुसऱ्यावर १३ ला आणि तिसऱ्यावर १६ ला. आता पहिले टिंब पत्नीला द्या, दुसरे मुलीला, तिसरे भावाला, आणि रेघ पुसून टाका. एकट्या पत्नीला तिच्या टिंबातून काय कळेल? एका टिंबातून हव्या तितक्या रेघा जातात, त्यामुळे गुपित काहीही असू शकते. पण कोणतीही दोन टिंबे एकत्र आली की त्यांच्यातून एकच रेघ जाते. १० आणि १३ हाती आले की चढ तीनचा, म्हणून एक घर मागे जाऊन ७. खऱ्या व्यवहारात आकडे प्रचंड असतात आणि हिशोबाची रीत जरा निराळी असते. पण तत्त्व हेच. एका तुकड्यात गुपिताचा अर्धा भागही नसतो, पाव भागही नसतो, काहीच नसते.

ही पद्धत घरगुती वापरासाठी प्रथम ट्रेझर या यंत्रात २०१९ मध्ये आली. तिच्या प्रमाणित रूपाला SLIP39 असे नाव आहे, आणि ट्रेझरच्या पडद्यावर ती Multi-share Backup या नावाने दिसते. यंत्र आपल्याला तीन हिस्से देते. प्रत्येक हिस्सा वीस इंग्रजी शब्दांचा. 'तीनपैकी दोन' असे आपण निवडले, की कोणतेही दोन हिस्से वॉलेट उघडतात.

आता हे प्रत्यक्ष एका घरात कसे बसले ते सांगतो. माझे एक परिचित पुण्यात राहतात. कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या जवळ. त्यांच्याकडे अर्धा बिटकॉईन आहे आणि त्याचे बारा शब्द वर्षानुवर्षे एका डायरीत होते. पत्नीला एवढेच ठाऊक होते, की "ह्यांचं काहीतरी कॉम्प्युटरवर आहे." मुलगी लग्न होऊन नाशिकला, धाकटा भाऊ साताऱ्याला.

पहिली गोष्ट म्हणजे जुन्या बारा शब्दांचेच असे हिस्से करण्याच्या फंदात ते पडले नाहीत. त्यांनी नवे यंत्र थेट उत्पादकाकडून मागवले, त्यावर नवे वॉलेट केले, तीन हिस्से घेतले, आणि जुन्या वॉलेटमधून आधी थोडीशीच रक्कम पाठवली. मग एक महत्त्वाचे काम केले. नाणी घेण्यासाठी दिसणारा पहिला पत्ता कागदावर उतरवून घेतला, यंत्र पूर्ण पुसले आणि पहिला-दुसरा हिस्सा भरून ते पुन्हा उभे केले. तोच पत्ता दिसला. पुन्हा पुसून दुसरा-तिसरा, मग पहिला-तिसरा. तिन्ही जोड्यांनी तोच पत्ता दाखवला, तेव्हा कुठे उरलेली रक्कम हलवली. एखादा शब्द लिहिताना चुकला असता, तर यंत्राने तो हिस्सा घेतलाच नसता. प्रत्येक हिस्स्याचे शेवटचे तीन शब्द पडताळणीसाठीच असतात आणि तीन शब्दांपर्यंतची चूक हमखास पकडतात. पण ही चूक आज सापडणे आणि वीस वर्षांनी विधवा पत्नीच्या हातून सापडणे, यात जमीनअस्मानाचे अंतर आहे.

मग प्रश्न आला, हिस्से ठेवायचे कुठे. त्यांचा पहिला विचार होता, एक घरी कपाटात, एक बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक मुलीकडे. मी म्हटले, "लॉकर तुमच्या दोघांच्या नावावर आहे. म्हणजे घरचा आणि लॉकरचा, असे दोन्ही हिस्से वहिनींच्या हाताशी आले."

ते जरा रागावले. "अहो, तिच्यावर माझा अविश्वास आहे की काय?"

अविश्वासाचा प्रश्नच नव्हता. पोलीस अधिकारी असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर माणसाला तासन्‌तास 'डिजिटल अटके'त ठेवायचे आणि सगळे काढून घ्यायचे, हा प्रकार आपण अलीकडे वर्तमानपत्रांत वाचतोच आहोत. एका माणसाला घाबरवून जे मिळू शकते, ते एका माणसाच्या हाती असूच नये. हे वहिनींनाच आधी पटले. "माझ्याकडे नसेल तर मी देणार तरी काय?" त्या म्हणाल्या.

शेवटी ठरले ते असे. एक हिस्सा लॉकरमध्ये, एक नाशिकला मुलीकडे, एक साताऱ्याला भावाकडे. घरात फक्त यंत्र. त्याचा पिन एकट्या त्यांना ठाऊक. पिन सोळा वेळा चुकला तर ते यंत्र स्वतःला पुसून टाकते, म्हणून चोराला त्याचा उपयोग नाही. ते हयात आहेत तोवर यंत्रावरून हवे ते करू शकतात, कोणाला विचारावे लागत नाही. यंत्र बिघडले तर लॉकर उघडून नाशिकला जायचे. आणि ते गेल्यावर वहिनी लॉकरमधला हिस्सा काढतील आणि मुलीला बोलावतील. मुलगी तेव्हा परदेशी असली किंवा तिचा हिस्सा हरवला असला, तर दीर आहेत. यासाठी लॉकर 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' अशा पद्धतीने जोडनावावर असणे मात्र हवे. एकाच्या नावावरचा लॉकर मृत्यूनंतर उघडायला कागदपत्रे आणि वेळ लागतो.

हिस्से त्यांनी कागदावर ठेवले नाहीत. आपल्याकडची पावसाळी ओल आणि कसर कागदाला फार दिवस टिकू देत नाही. स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे ठोकली. यादीतला कोणताही शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. प्रत्येक पट्टी पाकिटात घालून तोंडावर आडवी सही केली. दर दिवाळीत मुलगी आणि भाऊ पाकीट आणून दाखवतात. सही अखंड असली की झाले.

आणि नसली तर? इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. एक पाकीट हरवले किंवा फुटले म्हणून पैसे गेले असे नाही, कारण एका हिस्स्याने काही उघडत नाही. पण आता 'तीनपैकी दोन'चे 'दोनपैकी दोन' झाले, म्हणजे पुढच्या अपघाताला जागा उरली नाही. अशा वेळी हरवलेल्या हिस्स्याची जागा भरून स्वस्थ बसणे पुरेसे नसते. नवे वॉलेट, नवे तीन हिस्से, आणि सगळी नाणी तिकडे, हाच मार्ग. जुने हिस्से जुने वॉलेट कायमच उघडत राहतात. ते वॉलेट रिकामे असणे हीच त्यावरची एकमेव कडी.

या व्यवस्थेची मर्यादाही सांगायला हवी. मुलगी आणि काका एक झाले, तर मालक हयात असतानाही ते वॉलेट उघडू शकतात. गणित त्यांना अडवणार नाही. म्हणून हिस्से देताना माणसे अशी निवडावीत, की दोघांचे हितसंबंध एक नाहीत आणि दोघांनी संगनमत करण्याची शक्यता कमी. दोन सख्ख्या भावांना, एकाच छपराखाली राहणाऱ्यांना, किंवा नवरा-बायकोला दोन हिस्से देणे म्हणजे एकालाच दोन दिल्यासारखे आहे.

आणखी एक मोह टाळावा. बीजशब्दांच्या जोडीला स्वतःचा एक गुप्त शब्द लावण्याची सोय अशा यंत्रांत असते. तिला पासफ्रेज म्हणतात. त्यात एक अक्षर जरी चुकले, तरी यंत्र चूक झाल्याचे सांगत नाही. ते मुकाट्याने एक वेगळे, रिकामे वॉलेट उघडते. मालकाच्या माघारी कुटुंब ते रिकामे वॉलेट पाहून म्हणेल, की नाणी कधीच संपली असावीत. माझ्या परिचितांनी ती सोय वापरली नाही, आणि वापरली नाही असे पत्रात स्पष्ट लिहून ठेवले.

हे पत्र म्हणजे व्यवस्थेचा दुसरा अर्धा भाग. गणिताने कुलूप भक्कम होते. पण कुलूप कुठे आहे आणि उघडायचे कसे, हे घरच्यांना सांगणारे काही तरी हवे. त्यांचे पत्र दोन पानांचे आहे, मराठीत, आणि त्यात एकही गुप्त शब्द नाही. म्हणूनच ते घरातल्या फायलीत उघडपणे ठेवता आले. त्यात काय आहे, तर मालमत्ता कोणती आहे, यंत्र कोणत्या कंपनीचे, पद्धतीचे नाव SLIP39 आणि तीनपैकी दोन हिस्से लागतात, ते कोणाकडे आहेत. पद्धतीचे नाव महत्त्वाचे, कारण सगळ्या कंपन्यांची यंत्रे हे हिस्से वाचत नाहीत. ट्रेझर उद्या बंद पडली तरी इलेक्ट्रमसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये हे हिस्से भरून बिटकॉईन परत मिळवता येतात. पण संगणकावर शब्द टाईप करण्यात धोका असतो, तेव्हा तो अगदी शेवटचा उपाय. नेहमीची रीत म्हणजे नवे यंत्र घेऊन शब्द त्या यंत्राच्या छोट्या पडद्यावरच भरायचे. वॉलेट उघडले की पहिले काम, वारसाच्या नव्या वॉलेटमध्ये सगळी रक्कम हलवायची, कारण आता जुने हिस्से दोघातिघांनी पाहिलेले आहेत.

पत्र लिहून झाले, तरी वाचून यंत्र चालवता येते असे नाही. म्हणून त्यांनी रंगीत तालीम घेतली, आणि तिच्यासाठी खरे हिस्से बाहेर काढले नाहीत. पाचशे रुपयांचे बिटकॉईन घालून एक वेगळे सरावाचे वॉलेट केले, त्याचे स्वतंत्र तीन हिस्से केले, आणि रविवारी सकाळी वहिनी आणि मुलगी यांना पत्र, दोन पाकिटे आणि एक कोरे यंत्र देऊन ते स्वतः पेपर वाचत बसले. मध्ये बोलायचे नाही, ही अट. पहिल्या खेपेस वहिनींचे यंत्र अडून बसले. 'शब्द भरा' असे इंग्रजीत आले, ते पहिल्या पाकिटाचे की दुसऱ्याचे, हे पत्रात नव्हते. ते वाक्य पत्रात घातले. दुसऱ्या खेपेस पाऊण तासात पाचशे रुपये मुलीच्या मोबाईलवर आले. खरे शब्द अजून मालकाखेरीज कोणीही पाहिलेले नाहीत.

किल्लीचे झाले, आता हक्काचे. ज्यांच्याकडे हिस्से आहेत ते राखणदार आहेत, मालक नाहीत. ही नाणी कोणाला मिळावीत हे त्यांनी मृत्युपत्रात दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी लिहिले आहे. हे नसेल तर सगळे कायदेशीर वारस त्यात वाटेकरी ठरतात, आणि वॉलेट उघडू शकणारा एकटाच शहाणा ठरण्याचा धोका राहतो. शिवाय त्याच फायलीत खरेदीच्या पावत्या आणि बँकेचे उतारे आहेत. आभासी चलन विकून झालेल्या नफ्यावर आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि मूळ खरेदी कितीला झाली याचा कागद नसेल, तर नफा किती हे वारसांना दाखवता येणार नाही.

पत्राचा शेवट मला सर्वांत उपयोगाचा वाटला. माणूस गेल्यानंतरच्या आठवड्यात सांत्वनाला येणाऱ्यांत एखादा जाणकारही असतो. "मी करून देतो, ते शब्द तेवढे फोटो काढून पाठवा," असे तो म्हणतो. एखादी कंपनी 'हरवलेली नाणी परत मिळवून देतो' म्हणून फोन करते. त्यासाठी त्या इंजिनिअर गृहस्थांनी शेवटी लिहिले आहे: "घाई करू नका. नाणी जिथे आहेत तिथे वर्षभर राहिली तरी ती जात नाहीत. शब्दांचा फोटो काढू नका, ते फोनवर सांगू नका, कुठल्याही वेबसाईटवर भरू नका. जो शब्द मागेल तो चोर, मग तो कोणाचाही मित्र असो. नाशिकहून ती आली की दोघी शेजारी बसा आणि सावकाश उघडा."